छत्तीस मेंदू, सतरा दावे

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये एका बातमीने जगभरच्या वृत्तपत्रांत जागा मिळवली होती: फेसबुकवर ज्याचे मित्र जास्त, त्याच्या मेंदूचे काही भाग मोठे. बातमीमागे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या रियोता कानाई, गेरेंट रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध होता. त्यांनी १२५ विद्यार्थ्यांचे एमआरआय काढले, प्रत्येकाला फेसबुकवर किती मित्र आहेत हे विचारले आणि दोन्हींचा मेळ घातला. मेंदूच्या काही ठरावीक जागी ग्रे मॅटरचे प्रमाण आणि मित्रांची संख्या एकत्र वाढताना दिसली. मग आणखी ४० जणांच्या वेगळ्या गटावर त्यांनी हाच संबंध तपासला आणि तिथेही तो आढळल्याचे नोंदवले.

चार वर्षांनी, २०१५ मध्ये, 'कॉर्टेक्स' या नियतकालिकात ॲमस्टरडॅमहून एक निबंध आला. वाउटर बुकेल, एरिक-यान वाखेनमाकर्स, बिर्टे फोर्स्टमान आणि सहकाऱ्यांनी मेंदूची रचना आणि माणसाचे वागणे यांचा संबंध सांगणारे पाच गाजलेले अभ्यास निवडले होते. फेसबुकचा अभ्यास त्यांपैकी एक होता. या पाच अभ्यासांत मिळून सतरा दावे होते. ते सगळे त्यांनी ३६ नव्या माणसांवर पुन्हा तपासले. काय तपासायचे आणि कसे, हे त्यांनी आधीच लिहून जाहीर केले होते. सतरापैकी सोळा दाव्यांच्या बाबतीत पुरावा 'संबंध नाही' या बाजूला झुकला.

विज्ञानातल्या पुनःपडताळणीच्या पेचाबद्दल, म्हणजे एकदा छापून आलेला निष्कर्ष दुसऱ्यांदा का मिळत नाही याबद्दल, शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हे एक प्रकरण नीट पाहावे. बोधनिक चेताविज्ञानातले तीन प्रश्न यात एकत्र सापडतात: नमुना लहान असला की काय होते, विश्लेषणात मोकळीक असली की काय होते, आणि आधी नोंदणी केल्याने यातले काय सुधारते, काय सुधारत नाही.

चित्रापासून आकड्यापर्यंत

आधी हे मोजमाप कसे होते ते पाहू. एमआरआय यंत्र मेंदूचे त्रिमितीय चित्र देते. ते चित्र लहान लहान घनांचे बनलेले असते. साधारण एक मिलिमीटर बाजूच्या या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. संगणक प्रत्येक व्हॉक्सेल ग्रे मॅटरचा, व्हाइट मॅटरचा की द्रवाचा हे ठरवतो. प्रत्येकाच्या मेंदूचा आकार वेगळा असल्याने मग सगळे मेंदू ताणून-आवळून एका सामाईक साच्यात बसवले जातात. तरीही जुळणी अगदी तंतोतंत होत नाही, म्हणून चित्र थोडे धूसर केले जाते आणि शेजारच्या व्हॉक्सेलांची मूल्ये एकमेकांत मिसळली जातात. एवढे झाल्यावर प्रत्येक व्हॉक्सेलपाशी एकच प्रश्न विचारला जातो: इथले ग्रे मॅटर आणि मित्रांची संख्या एकत्र वाढते का?

उत्तर सहसंबंध गुणांकात मिळते. दोन गोष्टी अगदी बरोबरीने वाढत असतील तर तो १, काहीच संबंध नसेल तर शून्य, आणि एक वाढताना दुसरी तंतोतंत घटत असेल तर उणे १. पाच टक्क्यांची रूढ कसोटी असे विचारते: संबंध खरोखर शून्य असता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा गुणांक मिळण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे का? ती कमी असेल तर निष्कर्ष 'लक्षणीय' ठरतो.

मेंदूत व्हॉक्सेल लाखोंनी असतात. एक लाख जागी ही कसोटी लावली, तर काहीही संबंध नसताना सुमारे पाच हजार जागा केवळ योगायोगाने 'लक्षणीय' ठरतील. संशोधकांना हे ठाऊक आहे, आणि त्यासाठी कसोटी कडक करण्याच्या पद्धतीही आहेत. पण या पद्धती एका विश्लेषणातल्या व्हॉक्सेलांची संख्या हिशेबात धरतात. त्या विश्लेषणाआधी संशोधकाने आणखी किती वेगळी विश्लेषणे करून पाहिली, हे त्यांना कळत नाही. पुढे येणारा मोकळीकीचा प्रश्न इथेच उगवतो.

लहान नमुन्याचा हिशेब

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका भांड्यातली सगळी शिते सारखीच शिजलेली असतात. माणसांचे मेंदू तसे नसतात. एकाच वयाच्या, निरोगी माणसांतही मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान बरेच वेगळे असते, आणि त्या फरकाची कारणे अनेक असतात. त्यात एक बारीक संबंध शोधायचा असेल तर माणसे पुष्कळ लागतात. किती, ते आकड्यांतच पाहू.

समजा, मेंदूच्या एका भागाचा आणि मित्रांच्या संख्येचा खरा सहसंबंध ०.२ आहे. म्हणजे माणसामाणसांतल्या मित्रसंख्येच्या फरकापैकी सुमारे चार टक्के भाग मेंदूच्या त्या भागाशी जोडता येतो. वागण्याच्या अभ्यासात हा संबंध क्षुल्लक मानला जात नाही. आता शंभर प्रयोगशाळांनी प्रत्येकी ३६ माणसे घेऊन हाच संबंध मोजला असे धरू. सगळ्यांना ०.२ मिळणार नाही. शंभरातल्या पंच्याण्णवांचे उत्तर साधारण उणे ०.१४ ते ०.५० या पट्ट्यात कुठेही पडेल. कुणाला संबंध उलटा दिसेल, कुणाला शून्य, कुणाला दणदणीत. यांतले कोणीही चुकलेले नसेल. छत्तीस माणसांकडून याहून अचूक उत्तर मिळतच नाही.

नमुना ३६ चा असेल तर गुणांक ०.३३ च्या पुढे गेल्याशिवाय कसोटी पार होत नाही. खरे मूल्य ०.२ असताना शंभरातल्या सुमारे एकवीसच प्रयोगशाळांना ०.३३ हून मोठा आकडा मिळेल. उरलेल्या एकोणऐंशींना खरा असलेला संबंध सापडणार नाही. एखादा अभ्यास खरा संबंध पकडण्याची जी शक्यता, तिला संख्याशास्त्रात 'पॉवर' म्हणतात. इथे ती २१ टक्के आहे.

आता त्या यशस्वी एकवीसांकडे पाहा. कसोटी पार करायची तर आकडा ०.३३ च्या वर असायलाच हवा, म्हणून त्यांनी नोंदवलेल्या मूल्यांची सरासरी ०.४ च्या आसपास येते. खरा संबंध त्याच्या निम्माच आहे. अपयशी प्रयोगशाळांचे निबंध कपाटात राहिले आणि यशस्वींचेच छापून आले, तर वाचकांसमोर दुप्पट फुगलेला आकडा येतो. लहान नमुन्यामुळे खरा संबंध नजरेतून निसटतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण सापडलेला संबंधही लहान नमुना फुगवून दाखवतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हा फुगवटा पुढच्या अभ्यासातही शिरतो. एखादी नवी प्रयोगशाळा तो निबंध वाचते, ०.४ हा आकडा खरा मानते, आणि तेवढा संबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला किती माणसे लागतील याचा हिशेब करते. उत्तर येते सत्तेचाळीस. ती प्रामाणिकपणे सत्तेचाळीस माणसे गोळा करते. पण संबंध खरोखर ०.२ चा असल्याने तिच्या अभ्यासाची पॉवर ८० टक्के नसून जेमतेम २७ टक्के असते. पडताळणी फसते. मग एकमेकांवर संशय घेतला जातो, पण त्याचे कारण आकड्यांत आधीच दडलेले असते. ०.२ चा संबंध ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर १९४ माणसे हवीत. संबंध ०.१ चा असेल तर सुमारे ७८०.

हा केवळ कागदी हिशेब नाही. कॅथरिन बटन, मार्कस मुनाफो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'नेचर रिव्ह्यूज न्यूरोसायन्स'मध्ये चेताविज्ञानातल्या ४९ एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला. त्यांत आलेल्या अभ्यासांची मध्यक पॉवर २१ टक्के निघाली. मनोविकार आणि मेंदूचे आकारमान यांच्याबद्दलचे प्रतिमांकनाचे अभ्यास वेगळे काढले, तर ती ८ टक्के होती. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये सुमारे ५०,००० माणसांच्या मेंदूची चित्रे घेऊन हाच प्रश्न उलट्या बाजूने तपासला: खरे सहसंबंध केवढे असतात? मेंदूची मापे आणि बुद्धिचाचणीतले गुण किंवा मानसिक आरोग्य यांच्यातले, पुन्हा तपासल्यावरही टिकणारे सर्वांत मोठे संबंध ०.१६ च्या आसपास होते. बहुतेक त्याहूनही पुष्कळ लहान होते. अशा संबंधांसाठी हजारो माणसे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. हा हिशेब माणसामाणसांतल्या फरकांच्या अभ्यासाला लागू होतो. चेहरा पाहताना मेंदूचा एखादा भाग अधिक सक्रिय होतो का, हा प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, परिणाम मोठा असतो आणि एकाच माणसाकडून शेकडो मोजमापे घेता येतात. तिथे थोड्या माणसांवरही भक्कम उत्तर मिळू शकते. म्हणून निबंधात माणसे किती होती एवढेच विचारून भागत नाही. कशाची कशाशी तुलना होती आणि प्रत्येक माणसाकडून किती मोजमापे घेतली, हेही विचारावे लागते.

एकाच माहितीतून बाहेर पडणाऱ्या वाटा

आता मोकळीकीकडे वळू. फेसबुकसारखा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला कोणते निर्णय घ्यावे लागतात ते पाहू. चित्र किती धूसर करायचे? कमी, मध्यम की जास्त, असे तीन पर्याय धरू. डोके मोठे असले की मेंदूचे सगळेच भाग मोठे असतात. मग त्याची दुरुस्ती कवटीच्या आतल्या एकूण आकारमानाने करायची, एकूण ग्रे मॅटरने करायची की करायचीच नाही? हेही तीन पर्याय. मित्रांची संख्या जशीच्या तशी घ्यायची की तिचे वर्गमूळ घ्यायचे? कारण थोड्या लोकांचे मित्र प्रचंड असतात आणि ते सगळा निकाल आपल्याकडे ओढू शकतात. हे दोन पर्याय. फारच वेगळी मूल्ये असलेली माणसे ठेवायची की वगळायची? दोन. वय आणि लिंग हिशेबात घ्यायचे की नाही? दोन. या सगळ्यांचा गुणाकार केला तर ७२ वेगळी विश्लेषणे होतात. त्यांतली बरीचशी पाठ्यपुस्तकाला धरूनच आहेत.

या बहात्तर विश्लेषणांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली असतात, त्यामुळे चुकीचा निष्कर्ष हाती येण्याची शक्यता बहात्तर पटींनी वाढत नाही. तरी ती वाढते. मानसशास्त्रातल्या जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांनी २०११ मध्ये संगणकावर हे दाखवून दिले. काहीही परिणाम नसलेल्या माहितीवर त्यांनी चार मामुली मोकळिकी एकत्र वापरल्या: दोन मापांपैकी हवे ते निवडणे, निकाल पाहून आणखी माणसे घेणे, लिंगाची दुरुस्ती करणे किंवा न करणे, आणि तीन गटांपैकी एखादा गाळणे. पाच टक्के असायला हवी ती चुकीची शक्यता ६१ टक्क्यांवर गेली.

यासाठी संशोधक अप्रामाणिक असावा लागत नाही. पहिल्या विश्लेषणात काही मिळत नाही. संशोधकाच्या मनात येते की चित्र जरा कमी धूसर करायला हवे होते, कारण आपला भाग लहान आहे. हे कारण रास्त आहे. बदल केल्यावर निकाल लक्षणीय येतो आणि संशोधक तिथे थांबतो. पहिल्याच फेरीत निकाल आला असता, तर धूसरपणाचा विचार त्याच्या मनातही आला नसता. प्रत्येक पाऊल समर्थनीय असते. कुठे थांबायचे हे मात्र निकाल ठरवतो, आणि निबंधात शेवटची वाट तेवढी दिसते.

एकाच माहितीतून उत्तरे किती फाकू शकतात, हे २०२० मध्ये एका मोठ्या प्रयोगाने दाखवले. तेल अवीवमध्ये १०८ माणसांनी एमआरआय यंत्रात पडून पैसे लावण्याच्या पैजा स्वीकारल्या किंवा नाकारल्या. रोटेम बोटविनिक-नेझर, टॉम शॉनबर्ग, रसेल पोल्ड्रॅक आणि सहकाऱ्यांनी ही माहिती जगभरातल्या ७० गटांना दिली. सगळ्यांना सारखेच नऊ दावे तपासायचे होते. 'नेचर'मध्ये निकाल आले तेव्हा दिसले की दोन गटांचेही विश्लेषण अगदी एकसारखे नव्हते. एका दाव्याला ८४ टक्के गटांनी 'हो' म्हटले. तीन दाव्यांना सुमारे ९४ टक्के गटांनी 'नाही' म्हटले. उरलेल्या पाच दाव्यांवर मात्र 'हो' म्हणणारे गट २१ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान होते. म्हणजे निबंध वाचणाऱ्याला कोणते उत्तर मिळेल, हे विश्लेषण कोणाच्या हाती पडले यावर अवलंबून होते.

यात आणखी एक गोष्ट दिसली, ती कमी सांगितली जाते. कसोटीची रेष ओढण्याआधीचे मेंदूचे नकाशे बहुतेक गटांचे एकमेकांशी बरेच जुळत होते. फाटाफूट मुख्यतः रेष ओढल्यावर झाली. म्हणून निबंधात 'लक्षणीय' ठरलेल्या जागांचे रंगीत ठिपके दाखवले असतील, तर पूर्ण नकाशाही उपलब्ध करून दिला आहे का, हे पाहिले पाहिजे.

ॲमस्टरडॅमच्या गटाने काय केले

पूर्वनोंदणीचा उपाय या मोकळीकीवर आहे. माहिती गोळा करण्याआधी संशोधक काय तपासणार आणि कसे, हे लिहून, तारखेसह, नंतर बदलता येणार नाही अशा ठिकाणी ठेवतो. बुकेल आणि सहकाऱ्यांनी हेच केले. प्रत्येक दाव्यासाठी मेंदूचा कोणता भाग पाहायचा, कोणते माप घ्यायचे आणि कोणत्या दिशेचा संबंध अपेक्षित आहे, हे आधी ठरले. आपण तपासत असलेल्या पाच अभ्यासांत त्यांनी फोर्स्टमान यांचा स्वतःचा २०१० चा अभ्यासही घेतला होता.

संख्याशास्त्राची निवडही विचारपूर्वक केलेली होती. रूढ कसोटीत निकाल लक्षणीय आला नाही, तर संबंध नाही असे म्हणता येत नाही. पुरावा पुरेसा नव्हता, एवढेच म्हणता येते. त्यांनी बेझ फॅक्टर वापरला. 'संबंध आहे' आणि 'संबंध नाही' या दोन शक्यतांपैकी हाती आलेल्या माहितीशी कोणती किती पटींनी अधिक जुळते, हे तो सांगतो. एक आला तर माहिती दोन्ही बाजूंना सारखीच. तीनपर्यंत असेल तर झुकाव किरकोळ, दहाच्या पुढे असेल तर भक्कम. सोळा दाव्यांत झुकाव 'नाही'कडे होता, पण तो सगळीकडे सारखा नव्हता. काही ठिकाणी तो भक्कम होता, काही ठिकाणी तीनच्याही खाली. सतरापैकी सोळा दावे खोटे ठरले, असे या निकालाचे सरसकट वाचन करणे चूक आहे.

आक्षेपही लगेच आले. निल्स मुलर्ट आणि जेरार्ड रिजवे यांनी, आणि मूळ फेसबुक अभ्यासाच्या कानाई यांनीही, 'कॉर्टेक्स'मध्ये टिपणे लिहिली. चर्चेत दोन मुद्दे ठळक होते. पहिला छत्तीसचा. वरचा हिशेब इथे लावून पाहा. खरा संबंध ०.२ असेल तर ३६ माणसांना तो पाचपैकी चार वेळा सापडणारच नाही. मूळ अभ्यास १२५ जणांचा होता आणि पडताळणी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होती. दुसरा मुद्दा जागेचा. मूळ अभ्यासात सापडलेली जागा नव्या मेंदूंवर, नव्या यंत्राने काढलेल्या चित्रांत, नेमकी कुठे पडते? मेंदू साच्यात बसवण्याची पद्धत थोडी बदलली की लहानशी जागा थोडी सरकते, आणि तिथले माप शेजारच्या भागाचे होऊन बसते.

ॲमस्टरडॅमच्या गटाने या आक्षेपांना उत्तर दिले आणि चर्चा पुढे चालू राहिली. विद्यार्थ्याला यातून मोठी गोष्ट मिळते. पूर्वनोंदणीने बुकेल यांच्या अभ्यासातली मोकळीक बंद केली, त्यामुळे हवा तसा निकाल निवडल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेता आला नाही. उलट, आक्षेप कुठे घ्यायचा हे सगळ्यांना स्पष्ट दिसले, कारण प्रत्येक निर्णय कागदावर होता. पण छत्तीस माणसांचे दोनशे करण्याची ताकद नोंदणीत नव्हती. मोकळीक आणि लहान नमुना हे दोन वेगळे दोष आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

हा वाद सोडवायला पुढे मोठ्या नमुन्यांचीच गरज पडली. जर्मनीतल्या यूलिश इथल्या शहराजाद खराबियन मसूलेह, सारा जेनॉन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये 'ईलाइफ'मध्ये एक साधी युक्ती वापरली. निरोगी माणसांच्या एका मोठ्या गटातून त्यांनी पुन्हा पुन्हा लहान गट काढले. एका गटात सापडलेला संबंध दुसऱ्या गटात मिळतो का, हे ते पाहत गेले. मेंदूची रचना आणि मानसिक चाचण्यांतले गुण यांच्यातले संबंध क्वचितच पुन्हा मिळाले. त्याच मेंदूंत, त्याच पद्धतीने, वय किंवा शरीराचे वजन-उंचीचे प्रमाण यांच्याशी असलेले संबंध मात्र बऱ्यापैकी टिकले. म्हणजे पद्धत निकामी नव्हती. मोठा संबंध तिला दिसत होता. निरोगी माणसांतले मानसिक फरक आणि मेंदूच्या भागांचे आकारमान यांच्यातला संबंधच फार बारीक होता.

चांगल्या नोंदणीत काय असते

पूर्वनोंदणीचा आणखी पक्का प्रकार म्हणजे नोंदणीकृत निबंध. 'कॉर्टेक्स'ने तो २०१३ मध्ये सुरू केला. त्यामागे कार्डिफ विद्यापीठातल्या ख्रिस चेंबर्स यांचा पुढाकार होता. यात संशोधक प्रश्न, पद्धत, नमुन्याचा आकार आणि विश्लेषण लिहून नियतकालिकाकडे आधीच पाठवतो. परीक्षक त्यावर तेव्हाच आक्षेप घेतात, म्हणजे पद्धत बदलायला अजून वेळ असतो. योजना मान्य झाली की निकाल काहीही येवो, योजनेप्रमाणे काम झाले असेल तर निबंध छापण्याचे वचन मिळते. वर सांगितलेल्या शंभर प्रयोगशाळांमधल्या एकोणऐंशींचे निबंधही मग कपाटात राहत नाहीत.

याचा परिणाम मोजला गेला आहे. ॲना शेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मानसशास्त्रातल्या निबंधांची तुलना केली. नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरल्याचे प्रमाण ९६ टक्के होते. नोंदणीकृत निबंधांत ते ४४ टक्के होते. सगळा फरक मोकळीकीमुळेच पडला असे म्हणता येणार नाही, कारण नोंदणीसाठी लोक मुळातच अधिक शंकास्पद गृहीतके निवडत असतील. पण एखाद्या क्षेत्रातल्या अभ्यासांची पॉवर कमी असताना त्यांची गृहीतके शंभरात शहाण्णव वेळा खरी ठरत असतील, तर ते दोन आकडे एकत्र नांदू शकत नाहीत.

नोंदणीचा कागद असला म्हणजे झाले, असेही नाही. 'मेंदूचा पुढचा भाग आणि स्मरणशक्ती यांचा संबंध तपासू' असे लिहिले तर ती नोंदणी पोकळ आहे, कारण बहात्तरपैकी एकही वाट तिने बंद केली नाही. ठोस नोंदणीत भाग कोणत्या नकाशावरून घेतला ते असते, चित्र किती मिलिमीटर धूसर करणार ते असते, डोक्याच्या आकाराची दुरुस्ती कशी करणार ते असते. कोणाला का वगळणार आणि किती माणसांवर थांबणार, हेही असते. थांबण्याच्या आकड्यामागचा हिशेब असतो, आणि तो हिशेब आधीच्या निबंधातल्या फुगलेल्या आकड्यावर न बेतता त्याहून लहान संबंध गृहीत धरून केलेला असतो. माहिती आधीच कोणत्या तरी मोठ्या संग्रहात जमा असेल, तर संशोधकांनी तिचा कोणता भाग पाहिलेला आहे, हेही त्यात असायला हवे.

योजनेबाहेर काही सापडले तर ते दडवायचे नसते. मेंदूबद्दलच्या कित्येक नव्या कल्पना अनपेक्षित नकाशांतूनच आल्या आहेत. ते वेगळ्या शीर्षकाखाली, शोधक विश्लेषण म्हणून छापायचे आणि पुढच्या नमुन्यावर तपासायचे. त्या बाबतीत कानाई यांच्या गटाने २०११ मध्येच एक पाऊल योग्य दिशेने टाकले होते. एका गटात सापडलेली जागा दुसऱ्या, वेगळ्या गटात तपासावी, हे त्यांनी केले होते. उणीव त्या दुसऱ्या गटाच्या आकारात होती. ४० माणसांत ०.३१ हून लहान संबंध कसोटी पार करत नाही.

मेंदू आणि स्वभाव, मेंदू आणि बुद्धी, मेंदू आणि सवयी यांच्याबद्दलचा पुढचा निबंध हाती येईल तेव्हा हे सगळे पडताळून पाहता येते. माणसांची संख्या पाहावी आणि त्या संख्येत किमान केवढा गुणांक कसोटी पार करतो ते काढावे. ढोबळ हिशेब सोपा आहे: दोनला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. ३६ माणसांसाठी तो ०.३३, १०० साठी ०.२, ४०० साठी ०.१. निबंधातला आकडा या रेषेच्या जरासाच वर असेल, तर तो फुगलेला असण्याची शक्यता मोठी. मग नोंदणी उघडावी, तिची तारीख माहिती गोळा करण्याआधीची आहे का ते पाहावे, आणि योजना व निबंध शेजारी ठेवून वाचावेत. माप बदलले आहे का, माणसे वगळण्याचा नियम बदलला आहे का, बदलाचे कारण लिहिले आहे का? यासाठी एमआरआय यंत्र लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. मानसशास्त्राच्या पदवीच्या वर्गात बसलेली कोणतीही विद्यार्थिनी हे एका संध्याकाळी करू शकते. आणि फेसबुकच्या निबंधाची बातमी झाली तेव्हा अशी विचारणा करणारे वाचक पुष्कळ असते, तर सतरा दाव्यांची पडताळणी व्हायला चार वर्षे लागली नसती.